सोनं दुप्पट झालं, पॉलिसी जुन्याच आकड्यावर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोन्याचा भाव चढला की वर्तमानपत्रांत दोनच बातम्या येतात. एक लग्नघरांच्या चिंतेची आणि दुसरी जुने डाग मोडायला सराफांकडे झालेल्या गर्दीची. घरातल्या दागिन्यांच्या विम्याचं काय, हे मात्र कोणी विचारत नाही. मी बडोद्यात एका सर्वसाधारण विमा कंपनीच्या दावे विभागात होतो, आता निवृत्त आहे. ओळखीपाळखीचे लोक अजूनही पॉलिसीचे कागद घेऊन येतात. अलीकडे त्यातले बरेच कागद एकाच कारणाने अडलेले असतात, म्हणून हे पत्र.

दांडिया बाजारातल्या एका कुटुंबाचं उदाहरण घेतो. गणित सोपं जावं म्हणून आकडे थोडे गोल केले आहेत. २०२१ मध्ये त्यांनी घराच्या पॉलिसीत दागिन्यांचा विमा घेतला. एकूण सोनं २०० ग्रॅम, २२ कॅरेट. तेव्हा ग्रॅमला साधारण ४,५०० रुपये भाव होता, म्हणून विम्याची रक्कम ९ लाख ठरली. पुढे दरवर्षी नूतनीकरणाची नोटीस आली, हप्ता भरला गेला, रक्कम तीच राहिली. २०२५ मध्ये घर फोडलं गेलं, तेव्हा २२ कॅरेटचा भाव ९,००० रुपयांच्या आसपास होता. घरात असलेलं ६० ग्रॅम सोनं गेलं: पाटल्यांची जोडी, एक मोहनमाळ आणि मंगळसूत्र. उरलेलं १४० ग्रॅम बँकेच्या लॉकरमध्ये होतं.

मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, पॉलिसी नऊ लाखांची, गेलं पाच लाख चाळीस हजारांचं. मग कंपनी निम्मेच का देतेय?"

प्रश्न रास्त होता, पण कंपनीचा हिशेबही पॉलिसीला धरूनच होता. दागिन्यांच्या बहुतेक पॉलिसींत 'ॲव्हरेज'ची अट असते. चोरीच्या दिवशी विमा उतरवलेल्या सगळ्या दागिन्यांची बाजारातली किंमत काढायची आणि विम्याची रक्कम तिच्यापेक्षा कमी असेल, तर नुकसानीतला तेवढा वाटा ग्राहकाने स्वतः सोसायचा. त्या दिवशी २०० ग्रॅमची किंमत १८ लाख होती. विमा ९ लाखांचा, म्हणजे निम्मा. त्यामुळे ५ लाख ४० हजारांचे २ लाख ७० हजार झाले. त्यातून पॉलिसीतली छोटी ठरलेली कपातही गेली.

लोकांची चूक नेमकी इथे होते. रक्कम कमी ठेवली तर फार मोठी चोरी झाल्यावरच फटका बसेल, असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात एक अंगठी गेली तरी निम्मेच पैसे मिळतात. सर्व्हेयरला एकूण किंमत कळते कशी, तर तो जुनी मूल्यांकनाची यादी घेतो आणि उरलेले दागिने दाखवायला सांगतो. या कुटुंबाची पॉलिसी घर आणि लॉकर दोन्ही मिळून होती, म्हणून लॉकर उघडून त्यातलं सोनंही काट्यावर ठेवावं लागलं.

अट वाचून दाखवली की लोक दुसरा मार्ग विचारतात: आधीच ठरवून घेतलेल्या किमतीचा विमा. विमा नियामकाच्या आदेशाने १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत मौल्यवान वस्तूंसाठी अशी जादा सोय घेता येते. मूल्यांकनाचं प्रमाणपत्र देऊन प्रत्येक डागाची किंमत ठरवायची, मग ॲव्हरेजचा प्रश्न येत नाही. सोय चांगली आहे, पण तिनेही २०२१ चा आकडा आपोआप २०२५ चा होत नाही. आपल्या कुटुंबाने ती घेतली असती आणि आकडे तसेच ठेवले असते, तर ६० ग्रॅमचे ४,५०० प्रमाणे मिळाले असते २ लाख ७० हजारच. शिवाय याच पॉलिसीच्या मूळ संरक्षणात चोरी धरली आहे ती आग, पूर, भूकंप अशा घटनेमुळे आणि त्यानंतरच्या सात दिवसांत झालेली. एरवी रात्री कुलूप तोडून झालेली घरफोडी हवी असेल तर ती वेगळी जोडून घ्यावी लागते. "गृह रक्षा आहे ना आमच्याकडे" असं सांगणाऱ्यांनी आधी हे तपासावं.

आता रक्कम ठरवायची कशी. रुपयांपासून सुरुवात करू नका, ग्रॅमपासून करा. सराफाकडून प्रत्येक डागाचं निव्वळ सोन्याचं वजन लिहून घ्या. ठुशीतली किंवा पोकळ तोड्यांतली लाख, खडे, मोती आणि मंगळसूत्रातले काळे मणी वजा करून. जुन्या घरांत याद्या तोळ्यात असतात आणि तिथे हमखास गोंधळ होतो: आजीच्या काळातला तोळा ११.६६ ग्रॅमचा, आजचा बोलीतला तोळा १० ग्रॅमचा. आजीच्या यादीतले २० तोळे म्हणजे २३३ ग्रॅम, २०० नव्हेत. कॅरेटही लिहा. जुने डाग सगळे २२ कॅरेटचेच निघतात असं नाही. नव्यांवर हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकी एचयूआयडी क्रमांक असतो, तो यादीत उतरवा. "एक हार, अंदाजे पाच तोळे" एवढंच लिहिलेली मूल्यांकनं मी पाहिली आहेत. दावा आला की अशा कागदाला काही वजन राहत नाही.

मग आजच्या २२ कॅरेटच्या भावाने गुणा आणि वर्षभराच्या चढासाठी काही रक्कम वाढवा. मी २० टक्के सांगतो. वरच्या उदाहरणात ९,००० भावाने १८ लाख आणि चढ धरून २१ लाख ६० हजार. भाव १०,८०० पर्यंत गेला तरी कपात नाही. १२,००० झाला तर एकूण किंमत २४ लाख होईल आणि दाव्याचे ९० टक्के मिळतील, म्हणजे ॲव्हरेज लागूनही फार दुखणार नाही. वर्षाच्या मध्येच भाव उसळला तर नूतनीकरणाची वाट पाहायची गरज नाही. कंपनीला लिहून रक्कम वाढवून घेता येते, जादा हप्ता उरलेल्या दिवसांचाच पडतो. उलट, रक्कम वाटेल तितकी फुगवूनही उपयोग नाही. दावा चोरीच्या दिवशीच्या बाजारभावापर्यंतच चालतो, वरचा हप्ता फुकट जातो.

डागवार यादी आणि प्रत्येकासमोर वेगळी रक्कम असेल तर ॲव्हरेजही डागवार लागतो, आणि यादीत नसलेल्या डागांचा हिशेबात संबंध येत नाही. त्यामुळे ज्यांना सगळ्याचा हप्ता जड जातो, त्यांनी २०० ग्रॅमचा अर्धामुर्धा विमा घेण्यापेक्षा घरात वावरणाऱ्या ६० ग्रॅमचा पुरा विमा घ्यावा, असं माझं मत. मात्र लॉकरमधलं सोनं मग बँकेच्या भरवशावर राहतं, आणि तो भरवसा फार लांबचा नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू आहेत, आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक यांत बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत. भाडं ३,००० असेल तर ३ लाख. पूर, भूकंप अशा नैसर्गिक आपत्तीत तर तीही नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री शहरात शिरली होती, हे बडोदेकरांना सांगायला नको.

दाव्याच्या वेळचं थोडं सांगतो. एफआयआर लिहिताना माणूस घाबरलेला असतो, हाताशी असलेल्या जुन्या पावतीचा आकडा किंमत म्हणून सांगून मोकळा होतो. पुढे दावा आजच्या भावाने केला की सर्व्हेयर पहिला प्रश्न तोच विचारतो. म्हणून तक्रारीत डागाचं नाव, वजन आणि कॅरेट द्या. राहिलेला डाग नंतर आठवला तर पुरवणी जबाब नोंदवा. पावत्या नसतील तर लग्नातले फोटो, जुनं मूल्यांकन, मोड-घडणीच्या चिठ्ठ्या हे सगळं कामाला येतं. घरफोडीच्या दाव्यात जबरदस्तीने आत शिरल्याची खूण लागते: तुटलेला कोयंडा, वाकलेली जाळी. पंचनामा होऊन सर्व्हेयर पाहून जाईपर्यंत ती दुरुस्त करू नका. चोर सापडला नाही तर गुजरातमध्ये पोलीस 'ए समरी' भरतात, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही. कंपन्या बहुधा त्याची प्रत मागतात आणि त्यातच महिने जातात. तोवर सोनं आणखी चढलं तरी हिशेब चोरीच्या दिवशीच्या भावानेच होतो. घडणावळ आणि जीएसटी धरतील की नाही, हे पॉलिसीत स्पष्ट नसेल तर वाद ठरलेला, म्हणून मूल्यांकनात त्या रकमा वेगळ्या दाखवून पॉलिसी देतानाच लिहून मागा. जोडीतली एकच पाटली गेली तर सहसा तेवढ्याच पाटलीचे पैसे मिळतात, जोड मोडल्याची भरपाई नाही.

हिशेब पटला नाही तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी जावं. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर विमा लोकपालाकडे. आपल्याला अहमदाबादचं कार्यालय लागू पडतं आणि तिथे पैसे लागत नाहीत. पण ॲव्हरेजची अट पॉलिसीत छापलेली असेल आणि आकडेमोड बरोबर असेल, तर तिथेही फार काही हाती लागत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. या कुटुंबालाही मी तेच सांगितलं.

दोष सगळा ग्राहकाचा मात्र नाही. कंपनीला सोन्याचा भाव रोज कळतो, तरी नोटिशीत मागच्या वर्षीची रक्कम उतरवून पाठवते. तिथे दोन ओळी वाढवायला काय हरकत आहे? एकीत यादीतलं एकूण वजन आणि आजच्या भावाने होणारी किंमत, दुसरीत सध्याच्या रकमेवर दावा आला तर किती टक्के मिळतील तो आकडा. आमच्या कुटुंबाच्या नोटिशीवर '५० टक्के' छापलेलं असतं, तर त्यांनी तोच हप्ता पुन्हा भरला नसता. नियामकाने हे सक्तीचं करावं, आणि तोवर आपल्या भागातल्या एजंटांनी तरी नोटिशीच्या मागे पेनाने लिहून द्यावं.

आपला,
एक निवृत्त विमा कर्मचारी,
बडोदा