शंभर पानांचा हिशेब

नाशिक,
दि. १४ डिसेंबर

प्रिय सुधीर,
स. न. वि. वि.

तुझे पत्र परवा मिळाले. सिन्नरच्या साठ पानांच्या ऑर्डरसाठी तू किराणा आणि भाजीची यादी केलीस, तिची बेरीज ताटामागे साधारण ८५ रुपये आली आणि म्हणून पार्टीला २०० रुपये दर सांगण्याचा तुझा विचार आहे. त्या आकड्यावर विसार घेण्याआधी हे पत्र तुझ्या हाती पडावे म्हणून लगेच लिहायला बसलो. तुझी यादी बरोबर आहे, फक्त ताटाची किंमत त्या यादीत नसते. गेल्या रविवारी गंगापूर रोडला मी शंभर पानांचा साखरपुडा केला. त्याचा सगळा हिशेब माझ्या वहीत ताजा आहे, तोच तुझ्यापुढे मांडतो आणि मग आपण तुझ्या साठ पानांकडे वळू.

बेत साधाच होता. मसालेभात, वरण-भात, पुरी, बटाट्याची भाजी, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर, पापड, लोणचे आणि श्रीखंड. माल मी नेहमी दहा पाने जास्त धरून घेतो, म्हणजे शंभरची ऑर्डर असेल तर ११० जण जेवतील इतका, परंतु भागाकार मात्र शंभरानेच करतो, कारण पैसे शंभरांचेच मिळणार असतात. ही गोष्ट लिहायला क्षुल्लक वाटते, पण माझ्या पहिल्या दोन वर्षांत मी ११० ने भागत होतो आणि दर ऑर्डरला कुठे गळती होते आहे ते मला कळत नव्हते.

मालाच्या हिशेबात बाजारभावापेक्षा जास्त महत्त्व आहे ते पदरात काय पडते याला. मसालेभातासाठी दोन किलो सोललेला मटार हवा होता. पंचवटीच्या मार्केट यार्डात शेंगा ६० रुपये किलो होत्या, तेव्हा कोणीही १२० रुपये लिहून मोकळा होईल. मी साडेचार किलो शेंगा घेतल्या, २७० रुपये झाले आणि सोलून झाल्यावर दाणे दोन किलोंना थोडेसेच अधिक भरले. म्हणजे दाणे मला १३५ रुपये किलोने पडले, शिवाय दोन बायकांचा तासभर सोलण्यात गेला तो वेगळाच. याच्या उलट मटकी. चार किलो कोरडी मटकी ४८० रुपयांना आली आणि भिजवून मोड आल्यावर ती दुपटीहून अधिक भरली. तू यादी करताना प्रत्येक जिनसापुढे विकत घेतलेले वजन आणि पातेल्यात जाणारे वजन असे दोन रकाने ठेव. पहिल्या चार-पाच ऑर्डरी वजनकाट्यावर करून पाहिल्यास की मग अंदाज हातात बसतो.

पुरीचे थोडे सविस्तर लिहितो, कारण तळणीत पैसा नकळत जातो. नऊ किलो कणकेत साधारण साडेचार लिटर पाणी जाऊन साडेतेरा किलो गोळा होतो. लाटी २५ ग्रॅमची असेल तर ५४० पुऱ्या होतात, म्हणजे ११० पानांना पानी जवळजवळ पाच. परंतु लाटणाऱ्या बाईचा हात जड असेल आणि लाटी ३० ग्रॅमची झाली, तर त्याच गोळ्याच्या ४५० च पुऱ्या होतात आणि शेवटच्या पंगतीला कणीक पुन्हा भिजवावी लागते. म्हणून मी पहिल्या दहा लाट्या एकदम काट्यावर ठेवतो. पाव किलो भरल्या की पुढे बघावे लागत नाही. कणीक घट्ट हवी आणि तेल चांगले तापलेले हवे, नाहीतर पुरी तेल पिते. पुऱ्यांच्या परातीत खाली तेल साचू लागले की ओळखावे, कढईतले तेल निवले आहे किंवा कणीक सैल झाली आहे.

रविवारी कढईत मी आठ किलो तेल ओतले होते. तळण संपल्यावर गाळून मोजले तेव्हा पाच किलो राहिले. फोडण्यांना दोन किलो वेगळे गेले. म्हणजे संपलेले तेल पाच किलो, १५० रुपयांच्या भावाने ७५०. आता उरलेल्या पाच किलोंचे काय? पुष्कळजण ते नव्या तेलाच्या भावाने शिलकीत धरतात. मी निम्मे मूल्य, म्हणजे ३७५ रुपये, त्याच ऑर्डरीच्या खर्चात टाकतो, कारण ते तेल मी दुसऱ्या दिवशी भाजीपुरते वापरतो आणि काळसर झाले, फेस धरू लागले किंवा लवकर धुरावू लागले की काढून टाकतो. तळणीच्या तेलात ते पुन्हापुन्हा तापून वाढत जाणारी एकूण ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांवर गेली की ते वापरायचे नाही असा अन्नसुरक्षेचा नियमही २०१८ पासून आहे. स्वस्त ताट देण्यासाठी तेच तेल चार-चार ऑर्डरींना फिरवणे मला पटत नाही, आणि तूही ते करू नयेस असे मी मनापासून सांगतो.

श्रीखंडाला साडेसहा किलो चक्का, साडेपाच किलो साखर आणि वेलची-केशर धरून २,००० रुपये लागले. सगळ्या बेतात हाच एक महागडा पदार्थ होता, आणि पार्टीने दर कमी करायला सांगितला की मी प्रथम गोडाचीच चर्चा करतो, कारण कोथिंबीर-मिरचीत काटकसर करून ताटामागे दोन रुपयेही वाचत नाहीत. तांदूळ, डाळ, तूप, मसाले, रविवार कारंज्यावरचा सगळा किराणा आणि भाजी मिळून मालाची एकूण बेरीज ८,३१५ रुपये झाली. ताटामागे ८३. तुझ्या ८५ च्या अगदी जवळ आहे, म्हणून म्हटले की तुझी यादी बरोबर आहे.

गॅसचा खर्च अंदाजाने लिहू नकोस. सिलिंडर निघण्यापूर्वी आणि परत आल्यावर काट्यावर ठेवावा, रिकाम्याचे वजन त्याच्यावरच लिहिलेले असते. रविवारी सात किलो गॅस जळला. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर मला १,८०० रुपयांना पडला, म्हणजे किलोला ९५, आणि सात किलोंचे ६६५ रुपये. घरगुती सिलिंडर अशा कामाला वापरणे बेकायदा आहे, त्यामुळे तो भाव हिशेबात आणूच नये. सध्याच्या थंडीत एक गोष्ट ध्यानात ठेव. दोन मोठ्या शेगड्या एकाच सिलिंडरवर जोरात चालल्या की आतला द्रव वेगाने वायू होताना स्वतः गार पडतो, दाब उतरतो, सिलिंडरच्या खालच्या भागावर पांढरे दव धरते आणि ज्योत मंदावते. मी सुरुवातीला तो संपला असे समजून बदलत असे आणि दोन-दोन किलो गॅस आत ठेवूनच परत देत असे. आता दोन सिलिंडर जोडून भार वाटून देतो. सिलिंडरखाली जाळ किंवा उकळते पाणी मात्र कोणालाही करू देऊ नकोस.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितो आहे तिकडे येतो. मजुरी. आचाऱ्याचे २,५००, दोन मदतनिसांचे १,८००, पुऱ्या लाटणाऱ्या तिघींचे २,१००, पाच वाढप्यांचे २,५००, भांडी घासणाऱ्या दोघींचे १,२००, आणि आदल्या संध्याकाळी मटार सोलणे, श्रीखंड गाळणे, निवडटिपण करणे यासाठी दोघींचे ६००. एकूण १०,७०० रुपये. मालापेक्षा मजुरी जास्त आहे हे तू पुन्हा एकदा बघ. आदल्या संध्याकाळचे ते ६०० रुपये नवा माणूस हमखास विसरतो, कारण ते काम घरी होते आणि बहुधा घरातल्याच बायका ते करतात. घरच्यांनी केले तरी ते लिहायचेच. तुझ्या वहिनी आणि आई रात्री अकरापर्यंत राबणार असतील, तर ती मजुरी ताटाच्या दरात दिसली पाहिजे. तूच आचारी असलास तरी तुझी मजुरीही नफ्याच्या आधी लिहायची.

याखेरीज टेंपो, भाड्याची भांडी, पत्रावळी आणि पिण्याचे पाणी मिळून ३,२०० रुपये गेले. माल ८,३१५, गॅस ६६५, मजुरी १०,७०० आणि हे ३,२००, असे एकूण २२,८८० रुपये झाले, म्हणजे शंभर पानांना ताटामागे २२९ रुपये केवळ खर्च. मी दर २८६ सांगितला होता, कारण मला विक्रीवर वीस टक्के हवे असतात. २२९ वर वीस टक्के चढवले तर २७५ होतात, पण मग हातात विक्रीच्या सतरा टक्क्यांहून कमीच उरते. म्हणून २२९ ला ०.८ ने भागावे.

आता तुझी साठ पाने. हाच बेत धरला तर माल प्रमाणात उतरून ५,००० वर येईल. परंतु शेगडी पेटवायची ती पेटवावीच लागते, त्यामुळे गॅस ५०० च्या खाली जात नाही. वाढपी दोन कमी आणि लाटणारी एक कमी होईल, आचारी अर्धा येत नाही, म्हणून मजुरी ९,००० राहील. टेंपो तोच, भांडी थोडी लहान, ते २,९०० धर. बेरीज १७,४००. साठने भागलेस तर ताटामागे २९० रुपये खर्च येतो. तू २०० सांगणार होतास, म्हणजे त्या दिवशी खिशातले ५,४०० रुपये घालून तू लोकांना जेवू घातले असतेस.

सिन्नरला मजुरी नाशिकपेक्षा थोडी कमी असेल. ती तिथल्या दोन आचाऱ्यांना विचारून घे आणि माझ्या आकड्यांच्या जागी तुझे आकडे घाल. पार्टीला २९० वर नफा धरून दर सांगणे जड वाटत असेल तर बेत बदलून बघ. श्रीखंडाऐवजी शिरा केलास तर मालाचा खर्च उतरेल, आणि पंगतीऐवजी बुफे ठेवलास तर वाढपी आणखी एक कमी करता येईल. पुरीऐवजी चपाती केलीस तर तेल वाचेल, पण लाटणाऱ्या आणि भाजणाऱ्या बायका वाढतील, तेव्हा त्यात फारसे हाती लागणार नाही. एक गोष्ट मात्र लेखी घे, ती म्हणजे किमान पानांची संख्या. रविवारी शंभराऐवजी ८५ चेच पैसे मिळाले असते तर खर्च तोच राहून ताट मला २६९ ला पडले असते. म्हणून दोन दिवस आधी नक्की केलेल्या संख्येचे पैसे द्यावे लागतील, जास्त आले तर त्यांचे वेगळे, असे मी विसाराच्या पावतीवरच लिहून घेतो.

शनिवारी मला सुट्टी आहे. सकाळच्या एसटीने मी वजनकाटा घेऊन सिन्नरला येतो, तोवर आचाऱ्याची, वाढप्यांची आणि टेंपोची मजुरी विचारून ठेव. पार्टीला सोमवारपर्यंत दर सांगतो असे कळव. आईंना नमस्कार.

तुझा,
विलास