ग्राहक क्रमांक एक असला, तरी सर्व खात्यांवरचा हक्क एक नसतो

मा. संपादक,

विषय : थकीत कर्जाची रक्कम ग्राहकाच्या इतर खात्यांतून वळती करण्याचा बँकेचा अधिकार

महोदय,

एखाद्या ग्राहकाचे कर्ज थकले आणि त्याच बँकेत त्याची दुसऱ्या खात्यात शिल्लक असली, तर बँक ती शिल्लक कर्जात जमा करून घेऊ शकते. या अधिकाराला बँकेच्या भाषेत सेट-ऑफ म्हणतात. हा अधिकार योग्य आहे, असे मी मानतो. ज्याच्याकडून येणे आहे त्यालाच आपण देणे लागत असू, तर दोन्हींचा मेळ घालून फरकाचा हिशेब करणे न्याय्यच आहे. मी कर्जवसुलीच्या कामात बरीच वर्षे घालवली असल्यामुळे बँकेची बाजूही मला ठाऊक आहे. परंतु हल्ली हे काम संगणकप्रणालीकडून रात्रीतून उरकले जाते आणि ते करताना या अधिकाराची मूळ अट पाहिलीच जात नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ती अट अशी की, दोन्ही देणी त्याच दोन पक्षांमधली आणि त्याच नात्याने असली पाहिजेत. बँकेत ठेवलेला पैसा कायद्याने बँकेचा होतो आणि बँक ग्राहकाची ऋणको ठरते, हे इंग्लंडमध्ये 1848 साली फोली विरुद्ध हिल या खटल्यात स्पष्ट झाले. त्यामुळे बचत खात्यातील शिल्लक हे बँकेचे देणे असते आणि थकलेला हप्ता हे ग्राहकाचे देणे असते. ही दोन देणी एकमेकांसमोर उभी करायची, तर बँक ज्याला देणे लागते तोच माणूस, त्याच हक्काने, बँकेचा कर्जदार असावा लागतो. प्रणाली मात्र फक्त ग्राहक क्रमांक पाहते. त्या क्रमांकाखाली माणसाचे स्वतःचे खाते असते, आईबरोबरचे संयुक्त खाते असते आणि एखाद्या संस्थेचा खजिनदार म्हणून तो चालवत असलेले खातेही असू शकते. क्रमांकावरून माणूस ओळखता येतो, पण कोणत्या खात्यातील पैशावर कोणाचा हक्क आहे, हे त्यावरून कळत नाही.

माझ्या परिचयातील एका शिक्षिकेच्या बाबतीत जे झाले, ते सविस्तर सांगतो. बँकेचे नाव घेण्याचे कारण नाही. त्यांच्या वैयक्तिक कर्जाचा हप्ता 14,500 होता आणि लागोपाठ तीन हप्ते राहिले. थकबाकी 43,500 आणि विलंबापोटीचा आकार 1,240, असे एकूण 44,740 देणे झाले होते. त्याच बँकेत त्यांच्या एकटीच्या बचत खात्यात 18,600 होते, आईबरोबरच्या संयुक्त खात्यात 37,000 होते आणि पाच महिन्यांनी मुदत संपणारी एक लाखाची ठेव होती. एका रात्री प्रणालीने बचत खाते शून्यावर आणले आणि उरलेले 26,140 संयुक्त खात्यातून उचलले. संयुक्त खात्यात 10,860 राहिले. आईने आपल्या शस्त्रक्रियेच्या अनामत रकमेपोटी 22,000 चा धनादेश आधीच रुग्णालयाला दिलेला होता. दोन दिवसांनी तो न वटता परत आला आणि न वटल्याचा आकारही त्याच खात्यातून कापला गेला. कर्जाशी आईचा काहीही संबंध नव्हता. त्या सहकर्जदार नव्हत्या आणि जामीनदारही नव्हत्या.

शाखेत विचारणा केल्यावर मिळालेले उत्तर असे होते की, संयुक्त खाते ‘दोघांपैकी कोणीही’ या पद्धतीने चालते, मुलीला त्यातली सगळी रक्कम काढता येते, मग तिच्या कर्जासाठी बँकेलाही ती घेता येते. वरवर पटेल असे हे उत्तर चुकीचे आहे. कोणाच्या सहीवर पैसे द्यायचे, एवढीच सूचना या पद्धतीतून बँकेला मिळते. त्यावरून पैशाची मालकी ठरत नाही. संयुक्त खात्यातील देणे बँक दोघींना मिळून लागते, तर कर्ज एकटीचे आहे. पक्षच वेगळे असल्यामुळे ही दोन देणी एकमेकांत वळती होऊ शकत नाहीत. याच्या उलट परिस्थितीत चित्र बदलते. कर्ज दोघांनी मिळून घेतले असेल आणि प्रत्येकाने संपूर्ण कर्जाची वेगळी जबाबदारीही लिहून दिली असेल, तर त्यांच्यापैकी कोणाच्याही स्वतंत्र खात्यातून थकबाकी घेता येते. कर्जाच्या करारावर सह्या करताना हा मुद्दा फारसा कोणी वाचत नाही.

आता करारातील कलमाविषयी. बहुतेक कर्जकरारांत ‘कर्जदाराच्या एकट्याच्या वा इतरांबरोबरच्या सर्व खात्यांतून’ वसुली करण्याचे कलम असते. ते कर्जदाराला बंधनकारक असते. ज्या आईने करारावर सहीच केलेली नाही, तिला ते कसे बंधनकारक होईल? मात्र संयुक्त खाते उघडतानाच्या अर्जातही तसे कलम असू शकते आणि त्याखाली आईची सही असू शकते. तसे असेल तर वाद अवघड होतो. म्हणून तक्रार करण्यापूर्वी त्या अर्जाची प्रत मागून घ्यावी, असे मी प्रत्येकाला सांगतो. या प्रकरणात अर्जात तसे कलम नव्हते. लेखी तक्रारीनंतर बँकेने 26,140 आणि धनादेशाचा आकार परत केला. रुग्णालयाकडे परत गेलेल्या धनादेशाचे काय, याला अर्थातच उत्तर नव्हते.

मग बँकेने काय करायला हवे होते? शिक्षिकेच्या स्वतःच्या खात्यातील 18,600 घेणे योग्यच होते. राहिलेल्या 26,140 साठी संयुक्त खात्याला हात न लावता त्यांच्याकडे मागणी करायची होती. मुदत ठेव त्यांच्या एकटीच्या नावावर होती, पण तिची रक्कम देण्याची तारीख अजून आलेली नव्हती. करारात मुदतीपूर्वी ठेव मोडण्याची मुभा नसेल, तर बँकेने अशा ठेवीवर नोंद करून ती थोपवून धरावी आणि मुदत संपल्यावर हिशेब करावा. हाच नियम दुसऱ्या बाजूलाही लागू आहे. कर्जाची एकूण बाकी चार लाखांची असली, तरी संपूर्ण कर्ज परत मागणारी नोटीस बँकेने दिलेली नसेल, तर देय झालेली रक्कम फक्त थकलेल्या हप्त्यांची असते. खात्यात पैसे दिसले म्हणून पुढचे हप्तेही आत्ताच वसूल करणे, हे या अधिकारात बसत नाही.

दुसऱ्याच्या हितासाठी ठेवलेल्या पैशाची गोष्ट याहून गंभीर आहे. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने 1968 साली क्विस्टक्लोज खटल्यात याचा निकाल दिला. एका कंपनीला फक्त लाभांश वाटण्यासाठी उसने मिळालेले पैसे बँकेत वेगळ्या खात्यात ठेवले होते आणि तो हेतू बँकेला माहीत होता. लाभांश वाटण्यापूर्वीच कंपनी दिवाळ्यात गेली. तेव्हा बँकेने हे पैसे कंपनीच्या दुसऱ्या खात्यातील येण्यात वळते करू पाहिले आणि न्यायालयाने ते नाकारले. खजिनदार, पालक किंवा विश्वस्त म्हणून उघडलेल्या खात्याच्या शीर्षकातच बँकेला ही माहिती मिळालेली असते. तरीही ते खाते खजिनदाराच्या खासगी कर्जासाठी रिकामे झाले, तर ‘आम्हांला कल्पना नव्हती’ असे बँकेला म्हणता येणार नाही.

पूर्वसूचनेचा प्रश्न खरा कठीण आहे. 1872 सालच्या गार्नेट विरुद्ध मॅक्यूअन या इंग्लिश खटल्यात बँकेने ग्राहकाच्या दोन शाखांमधील खाती न सांगता एकत्र केली, त्याचे धनादेश परत गेले, आणि तरीही पूर्वसूचना बंधनकारक नाही, असा निर्णय झाला. बँका आजही याच विचाराचा आधार घेतात. त्यांचे म्हणणे असे की, आधी सांगितले तर ग्राहक पैसे काढून घेईल. ही भीती खोटी नाही. मी तसे होताना पाहिले आहे. पण तिच्यावर उपाय प्रणालीतच आहे. थकबाकीएवढी रक्कम खात्यात रोखून धरावी, त्याच क्षणी ग्राहकाला कळवावे, आणि हरकत घेण्यासाठी सात दिवस देऊन मग ती वळती करावी. पैसा कुठे जात नाही आणि चूक असेल तर ती दुरुस्त करायला वेळ मिळतो. रोखलेल्या काळात ग्राहकाला दुसरीकडून पैसे भरून धनादेश वाचवता येतो. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या कर्जदात्यांसाठीच्या न्याय्य व्यवहार संहितेत, कर्ज फिटल्यावर दुसऱ्या येण्यापोटी तारण अडवून ठेवायचे असेल, तर त्या येण्याचा संपूर्ण तपशील देऊन कर्जदाराला नोटीस द्यावी, असे सांगितलेले आहे. तारण अडवताना नोटीस लागते, तर रोख रक्कम उचलताना ती का लागू नये? अमेरिकेत तर क्रेडिट कार्डाच्या थकबाकीसाठी त्याच बँकेतील ठेवीवर हात टाकण्याला, ग्राहकाने नियमित कपातीला लेखी संमती दिलेली नसेल तर, मनाई आहे आणि तेथील कार्ड व्यवसाय त्यामुळे थांबलेला नाही.

ज्यांच्या खात्यातून अशी रक्कम गेली असेल, त्यांनी बचत आणि कर्ज या दोन्ही खात्यांचे उतारे शेजारी ठेवून पाहावेत. बचत खात्यातून रक्कम ज्या तारखेला गेली, त्याच तारखेला ती कर्जखात्यात जमा दिसली पाहिजे. मध्ये दिवस गेले असतील, तर तेवढ्या दिवसांचे व्याज बँकेने अकारण लावलेले असते. जमा रकमेतून आधी आकार व व्याज किती घेतले आणि मुद्दलात किती गेले, याचीही फोड मागावी. बँकेकडे दिलेल्या लेखी तक्रारीला 30 दिवसांत उत्तर न आल्यास, किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसल्यास, भारतातील ग्राहकाला रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

बँकांकडे माझी मागणी मर्यादित आहे. वसुलीची रात्रीची प्रक्रिया चालण्यापूर्वी प्रत्येक खात्याचा धारक तपासला जावा. दुसरे नाव असलेली आणि पालक, विश्वस्त वा खजिनदार म्हणून उघडलेली खाती प्रणालीने आपोआप वगळावीत, आणि त्यांतून रक्कम घ्यायचीच असेल तर एका अधिकाऱ्याने कागदपत्रे पाहून, कारण लिहून, स्वतःच्या सहीने घ्यावी. खाते एकट्याचे आहे की संयुक्त, ही नोंद बँकेच्या प्रणालीत खाते उघडल्या दिवसापासून असतेच.

आपला विश्वासू,
एक निवृत्त बँक अधिकारी