काकाजी, तुमच्या त्या दोन पानांसाठी

आदरणीय काकाजींस,
सप्रेम नमस्कार.

देणगीदार संस्थेची अहवालाची नियमावली इंग्रजीत, चाळीसेक पानांची. महालेखाकार कार्यालयातून निवृत्त झालेल्या तुम्ही ती आमच्या हिंगण्याच्या टीमसाठी दोन पानांच्या नमुन्यात आणि एका कॅलेंडरमध्ये बसवून दिलीत. तुमचे आभार जाहीरपणेच मानावेत असं वाटलं.

संक्षेप म्हणजे काटछाट, असं आम्ही समजत होतो. तुम्ही मात्र प्रत्येक नियमाला एकच प्रश्न विचारलात: हे कोण भरणार, आणि कुठल्या कागदावरून? ज्याला उत्तर मिळालं तो नमुन्यात आला. म्हणूनच 'लाभार्थी' या रकान्याखाली तुमची ओळ आहे: 'हजेरीची बेरीज नको, वेगळी नावं मोजा.' तीन प्रशिक्षणांना प्रत्येकी तीस बाया आल्या की हजेरी नव्वद होते. पण नावं जुळवली तर बाया निघतात एकेचाळीस, कारण बहुतेक जणी पुन्हा आलेल्या असतात. देणगीदाराला हवा तो एकेचाळीसचा आकडा.

कॅलेंडरचं तर काय सांगू! आम्हाला वाटलं, तिमाही संपल्यावर तीस दिवसांत अहवाल, म्हणजे चार तारखा लिहिल्या की झालं. तुम्ही नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यावर लाल खूण केलीत. त्या आठवड्यात अहवाल तर कुठलाच नव्हता! एखाद्या शीर्षावर मंजूर रकमेपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त खर्च होणार असेल तर आधी लेखी मंजुरी लागते, आणि देणगीदाराचं वर्ष डिसेंबरला संपतं. प्रवासाला वर्षाचे ६०,००० मंजूर. ऑक्टोबरअखेर खर्च ५४,०००, आणि महिन्याला ७,००० लागतातच. म्हणजे वर्षअखेर ६८,०००. मुभा ६६,००० पर्यंतच. हे नोव्हेंबरात दिसलं तर पत्र पाठवता येतं. जानेवारीत अहवाल लिहिताना दिसलं तर २,००० रुपयांसाठी नुसता खुलासा लिहीत बसायचं, आणि तो मान्य होईलच असं नाही.

आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, त्यांचं जानेवारी ते डिसेंबर. म्हणून टॅलीतून रिपोर्ट काढताना कुठल्या तारखा टाकायच्या, तेही तुम्ही प्रत्येक तिमाहीपुढे लिहून ठेवलंत. परदेशी देणग्यांचं वार्षिक विवरणपत्र एफसी-४, त्याची ३१ डिसेंबरची मुदतही त्याच कॅलेंडरवर, वेगळ्या रंगात. आमच्या अकाउंटंटना हे फार आवडलं (ते सहसा काही आवडल्याचं बोलत नाहीत).

आणि खरेदीचं प्रकरण तुम्ही मुद्दाम संक्षेपात घेतलं नाहीत. तिथे फक्त लिहिलंत, 'कोटेशन मागवण्याआधी मूळ वाचा.' मला तर तुमचा हाच निर्णय सगळ्यात पटला.

या वर्षी देणगीदाराने नियमावली सुधारली. तुम्ही प्रत्येक ओळीपुढे मूळ कलमाचा क्रमांक घातला होता, त्यामुळे कुठलं कलम बदललं ते पाहून आमच्या टीमने नमुन्यातल्या तीनच ओळी दुरुस्त केल्या. नवी प्रत पाठवतो आहोत. सवडीने एकदा नजर घाला.

आपली,
प्रकल्प समन्वयक, नागपूर