शंभरामागे एक स्वयंसेवक, पण उभा कुठे?

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
यांस सप्रेम नमस्कार.

झाडीपट्टीतल्या आमच्या गावात मंडईच्या जत्रेच्या रात्री नाटक होते, त्याची व्यवस्था मी पाहतो. परवानगीसाठी आम्ही दरवर्षी लिहून देतो : शंभर प्रेक्षकांमागे एक स्वयंसेवक. दोन हजार प्रेक्षक, म्हणून वीस पोरे.

तीन वर्षांपूर्वी ती वीसही पोरे हजर होती. रात्री दोनला अवकाळी पाऊस आला. मैदानाला चहूकडून टिनाचे पत्रे. चौदा पोरे तिकिटाच्या फाटकाशी. मागचे फाटक फुकटे शिरू नयेत म्हणून तारेने बांधलेले, आणि तिथे कोणीच नाही. पक्कड सापडेपर्यंत एका आजीचा हात मोडला होता. तो आवाज मी विसरलेलो नाही.

साहेब, आधी वाटा मोजाव्या लागतात, माणसे नंतर. ब्रिटनमध्ये क्रीडांगणांच्या सुरक्षेसाठी जो हिशेब धरतात, त्यात सपाट जमिनीवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला फार तर ८२ माणसे बाहेर पडतात आणि सगळे मैदान आठ मिनिटांत मोकळे व्हावे लागते. आमच्या दोन मीटरच्या एका फाटकाला बारा मिनिटांहून जास्त लागली असती, तीही अंधार आणि कडेवरची लेकरे न धरता. म्हणून आता आम्ही दोन-दोन मीटरची तीन फाटके ठेवतो. एक अडले तरी उरलेल्या दोनांतून साधारण सहा मिनिटांत लोक निघतात.

मग माणसे. प्रत्येक फाटकाला दोन : एक उघडायला, दुसरा बाहेर, निघालेल्यांना तोंडाशी थांबू न द्यायला. बसण्याच्या चार वाटांवर चार, रंगमंचासमोर दोन, जनरेटरपाशी एक, गाड्यांकडे तीन. झाले सोळा. नाटक रात्रभर चालते, पहाटे डोळे मिटतात, म्हणून बदलीला पाच. एकूण एकवीस. आकडा जवळपास जुनाच आहे, पण प्रत्येकाची जागा ठरलेली आहे.

याच दोन हजार लोकांचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, असता तर हा हिशेब कोसळला असता. तीनशे मीटरच्या धावपट्टीला दोन्ही अंगांना गर्दी असते आणि जोडी सुटली की तरणी पोरे पुढे सरकतात. दर पंधरा मीटरला एक धरला तर नुसत्या कडेलाच चाळीस माणसे हवीत. कीर्तनाला म्हातारी माणसे, तिथे अडवणारे कमी आणि हात देऊन उठवणारे जास्त लागतात.

दारू पिऊन आलेल्याला गावचाच पोरगा अडवत नाही, उद्या त्याच्याच बांधावरून जायचे असते. त्यासाठी बाहेरगावचे दोन होमगार्ड लागतात. त्यांना स्वयंसेवकांच्या आकड्यात धरू नये.

माझी मागणी एवढीच : अर्जात आकड्याऐवजी मैदानाचा हाताने काढलेला नकाशा मागवा. त्यावर फाटकांची रुंदी, प्रत्येक जागेवरच्या माणसाचे नाव आणि त्याची बदली असावी. आणि बंदोबस्ताच्या अधिकाऱ्याने दिवस मावळायच्या आत येऊन प्रत्येक फाटक आमच्याकडून एकदा उघडवून घ्यावे.

आपला,
नाट्य मंडळाचा एक कार्यकर्ता