आमचे पॅनवाले मामा चालले टांझानियाला

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर नीट बोलता आलं नाही, मागे कॅन्टीनमध्ये गोंधळ चालला होता. आमच्या साखर कारखान्यातल्या पॅनवाल्या मामांचा निरोप होता. नारळ, शाल, फेटा सगळं झालं, एमडी साहेब पाच मिनिटं बोलले पण मामा नक्की काय करतात ते त्यांच्या भाषणात कुठेच आलं नाही, म्हणून म्हटलं निदान तुम्हाला तरी लिहावं. बाबा, ऊस तुम्ही पिकवता पण गव्हाणीच्या पुढे त्याचं काय होतं ते तुम्ही कधी विचारलंच नाहीत.

रस आटवून त्याचा सिरप झाला की तो पॅनमध्ये घेतात. पॅन म्हणजे बंद, उभा, अवाढव्य हंडा, त्यात साधारण २५ इंचाचा व्हॅक्यूम असतो म्हणून सिरप ६०-६५ डिग्रीलाच उकळतो, नाहीतर जास्त तापून साखर पिवळी पडेल आणि थोडी नासेलही. आई, तू एकतारी पाक बोटात धरून बघतेस ना, मामा पण तेच करतात, फक्त त्यांचा पाक साठ टन असतो. पाक हवा तेवढा घट्ट झाला की त्यात स्पिरिटमध्ये दळलेली बारीक साखर सोडायची, तेच बी. पुढचे काही तास एवढंच बघायचं की नवीन सिरप त्या दाण्यांवरच चढतोय, स्वतःचे नवे दाणे पाडत नाहीये. नवे पडले तर त्याला आमच्याकडे फॉल्स ग्रेन म्हणतात आणि सगळा पॅन बिघडतो, कारण तो भुगा साखर आणि मळी वेगळी करणाऱ्या मशीनच्या जाळीत बसतो, मळी नीट सुटत नाही, साखर पिवळट निघते, उरलेला भुगा जाळीतून मळीत जातो, म्हणजे तुमचा उतारा मळीत गेला म्हणा ना.

जानेवारीतली रात्रपाळी सांगते. व्हॅक्यूम टिकवणारा इंजेक्शन पंप ट्रिप झाला आणि व्हॅक्यूम पडला, पॅन ७० च्या वर गेला. पंप सुरू झाल्यावर सगळे खूश, पण व्हॅक्यूम एकदम वर उडाला की पॅन झटकन थंड होतो आणि थंड झाला की पाकाला साखर पेलवेनाशी होते आणि तो नवे दाणे पाडतो. मॉनिटरवर सगळे आकडे जागेवर आलेले होते, मी पण म्हटलं झालं आता. मामांनी पॅनमधून नमुना काढायची प्रूफ स्टिक ओढली, काचेवर थेंब पसरला, बल्बसमोर धरला आणि म्हणाले "पोरी, हे बघ, दाण्यांच्या मधे धुकं आहे". मोठे दाणे चौकोनी, लख्ख, आणि मधे पिठासारखी धूळ.

आता मजा अशी की सिरपची टाकी काठोकाठ भरत आलेली, मिलवरून फोनवर फोन, पॅन उतरवा नाहीतर गाळप थांबवावं लागेल, आणि यार्डात ट्रॅक्टरची रांग (बाबा, त्या रांगेत उभं राहून तुम्ही आम्हाला काय काय म्हणता ते मला माहीत आहे). मामांनी सिरपचा फीड बंद केला, व्हॅक्यूम मुद्दाम थोडा कमी केला म्हणजे पॅन परत तापेल, आणि गरम पाणी पाजलं, थोडं थोडं. जास्त पाणी दिलं तर धुळीबरोबर चांगला दाणा पण विरघळतो, म्हणून दर दोन-तीन मिनिटांनी काच. फोन वाजत होता, त्यांनी उचललाच नाही. अर्ध्या-पाऊण तासाने काच साफ झाली तेव्हा कुठे फीड सोडला. पॅनला उशीर झाला, वाफ जास्त गेली, सकाळी त्यावरून बोलणी पण खाल्ली, पण मशीनवरून साखर पांढरी उतरली. मला विचाराल तर शाल त्या रात्रीसाठी द्यायला हवी होती.

नवीन ऑटोमॅटिक पॅन येतोय आमच्याकडे, तो चांगला आहे, मी त्याच्या विरोधात नाही, पण सेन्सर अख्ख्या पॅनचा घट्टपणा सांगतो, दाण्याच्या मधलं धुकं त्याला वेगळं दिसत नाही. म्हणून मामांनी जायच्या आधी दोन पोरांना काच बघायला शिकवलं. एकाला काही केल्या जमेना तर त्याच्या बोटावर थेंब ठेवून म्हणाले डोळे मिट आणि चोळ, खरखर लागते का पीठ लागतं ते सांग. त्याला बरोबर कळलं.

तिकडच्या कारखान्यात पगार चांगला आहे, राहायला घर आहे, दोन वर्षांचा करार. विमानात पहिल्यांदाच बसणार आहेत आणि त्यांना सगळ्यात जास्त काळजी कसली तर भाकरीचं पीठ मिळेल का याची. मी म्हटलं मामा, तिकडे मक्याचं पीठ मिळतं, थापून बघा. हसले. मामींना दिवाळीनंतर नेणार म्हणतात. सुखरूप जावोत, तब्येत सांभाळोत, आणि तिथल्या पोरांना पण काच धरायला शिकवोत.

आई, एक काम आहे. ते पुढच्या गुरुवारी निघतात, तोपर्यंत शेंगदाण्याची चटणी किलोभर पाठव ना एसटीने, तिखट कमी घाल, त्यांना ॲसिडिटी आहे. आणि बाबा, खोडव्याची नोंद लवकर करा, यंदा मी काही मधे पडणार नाही.

तुमची,
छोटी