बोटीला मासा लागतो, म्हणून समुद्रात मासा आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळी मासेमारीबंदीवरचं आपल्या रविवारच्या अंकातलं टिपण वाचलं. ट्रॉलरला एका फेरीत मिळणारा मासा फारसा घटलेला नाही, तेव्हा साठ्याची काळजी नको, असं त्यात म्हटलं आहे. मी उदगीरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात शिकलो, पण नोकरी सगळी तलावातल्या कटला-रोहूत गेली. तरीही या वाक्याला हरकत घेतोच, कारण याच हिशोबाने कॅनडाचा कॉड मासा बुडाला.

आपल्याकडे बोअर कसा आटतो ते आठवा. आधी गावातले आड आणि उथळ विहिरी कोरड्या पडतात. तेव्हाही तीनशे फुटांवरचा बोअर भरधार चालत असतो. मालक म्हणतो, माझ्या मोटारीला काही फरक नाही. मग एक दिवस मोटार हवा ओढते, पाइप गुळण्या टाकतो आणि दोन दिवसांत सगळं संपतं. धार बघून भूजल मोजता येत नाही. ते मोजायला निरीक्षण विहिरीत टेप सोडावी लागते.

कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाजवळच्या उथळ समुद्रात, म्हणजे भूखंडमंचावर, नेमकं हेच झालं. १९६८ साली तिथून एकूण आठ लाख टनांहून जास्त कॉड निघाला, त्यातला बहुतेक परदेशी कारखानावजा जहाजांनी काढला. १९७७ मध्ये कॅनडाने २०० सागरी मैलांपर्यंत हक्क सांगून परक्यांना हटवलं आणि दरवर्षी किती टन काढायचा याचा कोटा ठरवायला घेतला. कोटा साठ्याच्या अंदाजावर ठरे. त्या अंदाजाला दोन आधार होते: सरकारी सर्वेक्षण जहाजाने ठरलेल्या पद्धतीने जागोजागी टाकलेली जाळी, आणि व्यापारी ट्रॉलरना तासाला किती मासा लागतो त्याच्या नोंदी. सर्वेक्षणाचे आकडे दरवर्षी वरखाली होत. ट्रॉलरचे मात्र चढते आणि भरवशाचे दिसत.

ते चढते का होते? कॉड घटला तसा तो पसरून राहिला नाही, उरलेला काही जागी दाटीने जमला. ट्रॉलरवर मासा दाखवणारं यंत्र होतं, ते थेट त्या दाटीवरच जायचे. जाळं भरून यायचं, मागचा समुद्र रिकामा होत होता. किनाऱ्यालगत स्थिर सापळे लावणारे छोटे मच्छीमार ऐंशीच्या दशकात ओरडत होते की मासा कमी आणि लहान झालाय. गावातले आड तेच होते. पण त्यांचं ऐकणार कोण?

चूक उमगल्यावर १९८९ साठी शास्त्रज्ञांनी सव्वा लाख टनांवर थांबा म्हटलं. मंत्र्यांनी कोटा ठेवला २ लाख ३५ हजार टन, कारण एकदम निम्मा केला तर कारखाने बंद पडतील. २ जुलै १९९२ रोजी मासेमारीच बंद करावी लागली आणि सुमारे तीस हजार माणसं घरी बसली. बंदी दोन वर्षांसाठी होती. व्यापारी मासेमारी पुन्हा खुली झाली ती २०२४ मध्ये, १८ हजार टनांच्या कोट्यावर.

आपल्या किनाऱ्यावर असा कोटा नाही, आणि तो सरळ उचलून आणावा असंही मी म्हणत नाही. तिकडे एका जाळ्यात बहुतेक कॉडच येई. आपल्याकडे एकाच ओढीत बोंबील, जवळा, मांदेली आणि आणखी कितीतरी येतं. एका जातीचा कोटा संपला तरी ती जाळ्यात येणारच, मग मेलेली परत फेकतील आणि कागदावर कोटा पाळलेला दिसेल. म्हणून इथे १ जून ते ३१ जुलै बंदी, जाळ्याच्या आसाचं, म्हणजे भोकाचं, माप आणि माशाची किमान लांबी असे उपाय आहेत. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींना अशी लांबी ठरवून दिली. मालवणचं सागरी अभयारण्यही १९८७ पासून आहे, पण जेमतेम २९ चौरस किलोमीटरचं. एका जागी राहणाऱ्या जीवांना त्याचा आडोसा मिळेल, हिंडणाऱ्या पापलेटला कितपत?

पापलेटचंच सांगतो. आमच्या बाजारात मुंबईहून थर्माकोलच्या पेटीत बर्फात येतं. मागच्या महिन्यात घेतलेली चारही तळहातात मावत होती. घरी चिरली, एकाच्याही पोटात गाबोळी नव्हती. एवढ्यावरून साठा ठरत नाही, गाबोळीला हंगामही असतो. पण एकदाही अंडी न घातलेला मासा राज्यमासा म्हणून ताटात येत असेल, तर ट्रॉलरची फेरी भरली याचं समाधान मला वाटत नाही.

आपल्या वार्ताहराला एवढीच विनंती: पुढच्या वेळी फेरीत किती किलो आले ते छापताना ती फेरी किती दिवसांची होती, किती लांब गेली आणि माशाची सरासरी लांबी किती भरली, हेही बंदरावर विचारून छापावं.

आपला,
एक वाचक, उदगीर, जि. लातूर