सूचना: प्रमोशन पॅनेलसमोर जाणाऱ्यांसाठी

सीनिअर इंजिनिअरवरून टेक लीडसाठी सादरीकरण करणाऱ्यांनी स्लाइड बनवण्याआधी लीड पदाच्या अपेक्षांची यादी उघडावी आणि प्रत्येक अपेक्षेसमोर आपलं एक काम लिहावं. ‘पेमेंट सेवा नव्या डेटाबेसवर नेली’ एवढंच सांगितलं तर पॅनेलला ते पुरेसं वाटत नाही, कारण हे सध्याच्याच पदाचं काम झालं. कोणते पर्याय तपासले, निर्णय कोणाचा होता, दुसऱ्या टीमची हरकत कशी सोडवली आणि तीच पद्धत पुढे कोणत्या टीमने उचलली, हे सांगितलं की लीडची जबाबदारी दिसते. ‘आम्ही केलं’ असं लिहिलंत तर तुमचा वाटा किती, हा प्रश्न येणारच. तो वाटा आधीच वेगळा मांडा. एखाद्या अपेक्षेसमोर जागा रिकामी राहिली तर झाकू नका, तिथे पुढच्या सहामाहीत कोणतं काम हाती घेणार ते लिहा. मसुदा मॅनेजरना आठवडाभर आधी दाखवा.